सहा फोटो, एक फ्लॅट आणि उलटं कालनिर्णय

फेब्रुवारी 2025 मध्ये तपासणीसाठी समोर आलेली जाहिरात अशी होती: कोथरूडमध्ये टू बीएचके, पूर्ण फर्निश्ड, भाडं 21,000, डिपॉझिट 50,000, ब्रोकरेज नाही. मालकाची बदली झाल्यामुळे तो बाहेरगावी, चावी सोसायटीच्या वॉचमनकडे. फ्लॅट बघायचा असेल तर आधी ‘गेट पास’साठी 5,000 रुपये भरायचे, तेही परत मिळणारे. खाली सहा फोटो होते: हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, बाल्कनी आणि इमारतीची पुढची बाजू. फोटो ‘मागच्याच आठवड्यात काढलेले’ असल्याचं मजकुरात लिहिलं होतं.

गेट पासचे पैसे आगाऊ मागितले, एवढ्यावरूनही या जाहिरातीला नमस्कार करता आला असता. पण इथे मुद्दा फोटोंचा आहे, कारण प्रत्येक फसवी जाहिरात इतक्या उघडपणे पैसे मागत नाही. शिवाय फोटो तपासताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळतात. हा फोटो याच घराचा आहे का, हा एक. जाहिरात देणाऱ्याचा त्या घराशी काही संबंध आहे का, हा दुसरा. फोटोच्या तपासणीतून फार तर पहिल्याचं उत्तर मिळतं.

सुरुवात फोटो उतरवून घेण्यापासून होते आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ते स्क्रीनशॉट काढतात. स्क्रीनशॉटमध्ये फोटोचा मूळ आकार जातो, कडेची बटणं आणि पट्ट्या येतात आणि शोधयंत्र त्या पट्ट्यांशीही जुळणी करू लागतं. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडावा आणि वरच्या पत्त्याकडे बघावं. पत्त्याच्या शेवटी `?w=640` किंवा `_thumb` असं काही असेल तर ती लहान केलेली प्रत आहे. तो भाग काढून किंवा आकडा वाढवून मोठी प्रत मिळते का, ते करून बघायचं. बऱ्याचदा मिळते.

मग सहाही फोटोंची मापं एका कागदावर लिहायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण या जाहिरातीत पहिला धागा इथेच सापडला. हॉल 1200 × 742, पहिली बेडरूम 1200 × 738, दुसरी बेडरूम 1280 × 853, स्वयंपाकघर उभं 960 × 1280, बाल्कनी आणि इमारत 1200 × 900. मोबाइलचा कॅमेरा सहसा 4:3 प्रमाणात फोटो काढतो. बाल्कनी, इमारत आणि उभं धरलेलं स्वयंपाकघर त्यात बसतं. 1280 × 853 हे 3:2 प्रमाण मोठ्या कॅमेऱ्यांचं. आणि 1200 × 742 कुठल्याच कॅमेऱ्याचं नाही. 3:2 चा फोटो असता तर उंची 800 हवी होती. म्हणजे साधारण 58 पिक्सेलची, सात टक्क्यांची पट्टी कुठून तरी कापली गेली आहे. मालमत्तेच्या साइट आणि एजंट आपला शिक्का बहुधा फोटोच्या खालच्या पट्टीत मारतात. एकाच घराचे एकाच आठवड्यात काढलेले सहा फोटो तीन प्रकारच्या चौकटींत का असावेत, याचं साधं उत्तर असू शकतं: दोन माणसांनी दोन उपकरणांवर काढले असतील. म्हणून यावरून निकाल द्यायचा नाही. कुठला फोटो आधी शोधायचा, एवढंच यातून ठरतं. इथे तो मान हॉलचा.

हॉलचा पूर्ण फोटो गुगल लेन्समध्ये टाकला तेव्हा सोफ्यांचं दुकान उघडलं. तसाच सोफा, तसाच टीपॉय, कुठे किती किमतीला. लेन्सचा स्वभावच तसा आहे. चित्रात काय आहे ते ओळखून तो त्यासारख्या वस्तू दाखवतो. आपल्याला तसाच हॉल नको असतो, हाच फोटो हवा असतो. म्हणून निकालांच्या वरच्या ओळीत `Exact matches` हा पर्याय निवडावा लागतो. हॉलसाठी तिथे काहीच आलं नाही. टिनआय हे दुसरं शोधयंत्र, टोरंटोच्या कंपनीचं, 2008 पासून चालू असलेलं. ते वस्तू ओळखायच्या भानगडीत न पडता फक्त त्याच चित्राच्या इतर प्रती शोधतं, मग त्या लहान केलेल्या असोत, कापलेल्या असोत की रंग बदललेल्या. तिथेही शून्य.

हे शून्य फार फसवं असतं. ‘फोटो कुठेही सापडला नाही, म्हणजे खरा आहे’ असं म्हणून लोक इथेच थांबतात. शून्याचे अर्थ अनेक आहेत. मूळ फोटो लॉगिनच्या आड असेल. मूळ जाहिरात काढून टाकली गेली असेल आणि शोधयंत्र तिथवर कधी पोचलंच नसेल. टिनआयच्या साठ्यात आपल्याकडच्या छोट्या जाहिरातींची पानं तशीही विरळच असतात. किंवा फोटोला असं काही केलं असेल की जुळणीच होऊ नये. यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे फोटो आरशासारखा डावा-उजवा उलटवणं. गॅलरीत दोन वेळा बोट लावलं की होतं. खोली खोलीच दिसते, माणसाच्या डोळ्याला काही खटकत नाही आणि जुळणी मात्र बऱ्याचदा चुकते.

उलटवलेला फोटो अक्षरांवरून आणि आकड्यांवरून ओळखायचा. पुस्तकांच्या पाठी, फ्रिजवरचं नाव, भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीखालचा ब्रँड, आणि मराठी घर असेल तर कॅलेंडर. या हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय लटकत होतं. फोटो चारपट मोठा करून पाहिल्यावर त्यावरचे आकडे उलटे आहेत हे दिसलं. फोटो सुलटा करायला मोबाइलच्या गॅलरीतलं ‘फ्लिप’ पुरतं. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक हे आज्ञा देऊन चित्रं हाताळायचं साधन असेल तर एक ओळ:

```
magick hall.jpg -flop hall_sulat.jpg
```

`-flop` म्हणजे डावं-उजवं, `-flip` म्हणजे वरचं खाली. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

सुलट्या कॅलेंडरने आणखी एक काम केलं. महिन्याचं नाव वाचता येत नव्हतं, पण महिना बुधवारी सुरू होत होता, 30 दिवसांचा होता आणि रविवार सोडून लाल आकडा एकच होता: 10, शुक्रवार. 2020 ते 2025 या सहा वर्षांत बुधवारी सुरू होणारे 30 दिवसांचे महिने चारच येतात: एप्रिल 2020, सप्टेंबर 2021, जून 2022 आणि नोव्हेंबर 2023. दहा तारखेची सुट्टी यांतल्या दोन महिन्यांत आहे. एप्रिल 2020 मध्ये गुड फ्रायडे आणि सप्टेंबर 2021 मध्ये गणेश चतुर्थी. पण एप्रिल 2020 मध्ये रामनवमी (2), महावीर जयंती (6) आणि आंबेडकर जयंती (14) याही लाल असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. राहिला सप्टेंबर 2021.

इथे एक सावधगिरी. कॅलेंडर म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ नव्हे. रिकाम्या घरात ते वर्षभर एकाच पानावर लटकत राहू शकतं. त्यामुळे एवढंच म्हणता येतं की फोटो साधारण त्या महिन्यातला किंवा त्यानंतरचा आहे. ‘मागच्या आठवड्यात’ या दाव्याला याने धक्का बसतो, पण दावा पडत नाही. तो पडला पुढच्या पायरीवर.

सुलटा केलेला हॉल पुन्हा शोधला, या वेळी दोन प्रकारे: एकदा पूर्ण आणि एकदा फक्त एक तुकडा कापून. तुकडा कुठला घ्यायचा, यात कसब आहे. सोफा घेतला की पुन्हा दुकान उघडणार. जे फक्त याच घरात असेल ते घ्यायचं: खिडकीचं ग्रिल आणि त्यामागची इमारत, देवघराचा कोनाडा, भिंतीवरच्या फ्रेमची मांडणी. यांडेक्सच्या चित्रशोधात आणि बिंगच्या दृश्यशोधात चौकट ओढून हा तुकडा तिथल्या तिथे निवडता येतो, वेगळा कापावा लागत नाही. वास्तूंच्या बाबतीत यांडेक्स अनेकदा गुगलच्या पुढे असतं. चारही ठिकाणी एकेक करून फोटो चढवणं जिवावर येत असेल, तर पत्रकार वापरतात ते इन्व्हिड-वीव्हेरिफाय नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन राइट क्लिकवर सगळी शोधयंत्रं उघडून देतं.

सुलट्या फोटोला लेन्सच्या `Exact matches` मध्ये एक निकाल आला. ठाण्यातल्या एका फ्लॅटची विक्रीची जाहिरात, ऑक्टोबर 2021 ची. त्याच पानावर पहिली बेडरूमही होती. तिथला हॉल 1500 × 1000 होता आणि खालच्या कडेला एका एजन्सीची शिक्क्याची पट्टी होती. ती पट्टी कापली तर उरतात 1500 × 928, आणि ते 1200 रुंदीवर आणलं की 742. आपल्या कागदावरचा आकडा.

आता दोन पानांवर एकच फोटो आहे, तर चोर कोण? लोक तारखा बघतात. ऑक्टोबर 2021 आधीचा, म्हणजे तो मूळ. तारखा उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर सगळा भार टाकू नये. टिनआयची तारीख म्हणजे त्यांच्या यंत्राने ते चित्र पहिल्यांदा कधी पाहिलं त्याची तारीख, फोटो कधी काढला याची नव्हे. जाहिरातीवरची तारीख जाहिरात पुन्हा ‘रिफ्रेश’ केली की बदलते. त्यापेक्षा भक्कम पुरावा चौकटीचा. ज्या प्रतीत जास्त दृश्य आहे ती मूळच्या जवळची. मोठ्या फोटोतून लहान तुकडा कापता येतो, पण कापलेल्या तुकड्यातून बाहेरचा टीपॉयचा पाय आणि चटईची किनार परत आणणं सोपं नसतं. आपल्या फोटोत टीपॉयचे पाय अर्धवट तुटले होते, ठाण्याच्या फोटोत ते जमिनीपर्यंत दिसत होते. त्यात अक्षरं सुलटी. एवढं एकत्र आल्यावर तारीख नसती तरी चाललं असतं.

पण फोटो दोन ठिकाणी सापडणं म्हणजे आपोआप फसवणूक नाही. एकच फ्लॅट पाच ब्रोकरांकडे असतो आणि पाचही जण मालकाने व्हॉट्सअॅपवर टाकलेले तेच फोटो वापरतात. मालक स्वतःच तीन वर्षांपूर्वीच्या भाडेकरूच्या वेळचे फोटो पुन्हा लावतो. नव्या प्रकल्पात बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो प्रत्येक फ्लॅटला लागतात. या सगळ्यात पत्ता, मजला किंवा निदान प्रकल्पाचं नाव तरी जुळतं. इथे एकच हॉल ठाण्यातही होता आणि कोथरूडमध्येही, आणि तोही शिक्का कापून, उलटवून. ब्रोकर शिक्का कापतो हे एक वेळ समजू शकतं. फोटो उलटवण्याचं मात्र प्रामाणिक कारण सापडत नाही.

दुसऱ्या बेडरूमसाठी फार शोधावं लागलं नाही. पलंगाशेजारच्या भिंतीवर दोन उभ्या चिरांचं सॉकेट होतं, जे अमेरिकेत असतं. आपल्याकडे गोल भोकांचं तीन पिनचं सॉकेट आणि शेजारी त्याचा स्विच. छताला पंखा नाही, खिडकीला ग्रिल नाही, वर लॉफ्ट नाही. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट आणि छताला पंखा नाही! सॉकेट आणि पंखा हे दोन तपशील शोधयंत्राच्या आधी डोळ्याने बघून घ्यावेत.

इमारतीचा फोटो मात्र खरा निघाला. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै 2022 पासून पुण्यात आहे. जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर जाऊन पाहिलं तर तीच इमारत, तेच गेट, तीच बाजूची केमिस्टची पाटी. नवखा माणूस नेमका इथे सैलावतो. बाहेरचा फोटो खरा ठेवणं हा या प्रकारातला नेहमीचा डाव आहे, कारण भाडेकरू पत्ता तपासणार हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून एका फोटोवरून संचाला ओळखू नये. संचातले फोटो एकमेकांशी जुळतात का ते बघावं: हॉलमधली फरशी आणि बेडरूममधली फरशी, स्विचबोर्डांचा प्रकार, दारांचा रंग, खिडकीच्या चौकटी. एका घरात स्विचबोर्ड सहसा एकाच कंपनीचे असतात. इथे तीन खोल्यांत तीन तऱ्हा होत्या.

बाल्कनीवर जरा थांबावं लागतं, कारण तिथे उचलेगिरी आणि फेरफार दोन्ही होतं. कठड्यापलीकडे हिरवीगार टेकडी दिसत होती. फोटो फेब्रुवारीतल्या मागच्या आठवड्याचा, आणि फेब्रुवारीत पुण्याच्या टेकड्या वाळक्या गवताच्या, पिवळट तपकिरी रंगाच्या असतात. झाडाझुडपांची हिरवळ कुठे कुठे असते, पण पोपटी गवताची टेकडी म्हणजे जुलै ते सप्टेंबर. मग बारकाईने बघितलं. कठड्याच्या उभ्या गजांच्या कडेने एक पुसट फिकट रेघ होती, कापून चिकटवताना राहते तशी. डावीकडच्या दोन गजांच्या फटीत टेकडीऐवजी राखाडी भिंतीचा अंश उरला होता. आणि गजांची सावली बाल्कनीच्या फरशीवर उजवीकडे पडली होती, तर टेकडीवरची झाडं उजवीकडून उजळलेली होती. सूर्य एकच असल्याने दोन्ही एकदम होणार नाही.

अशा वेळी टेकडीचा तेवढाच तुकडा कापून शोधायचा. पूर्ण बाल्कनी कुठेही सापडणार नाही, कारण ती या आधी अस्तित्वातच नव्हती. टेकडी सापडली: पावसाळ्यातल्या सह्याद्रीचा फोटो, फुकट वापरता येणाऱ्या चित्रांच्या साइटवरचा.

इथे अनेकजण ‘एरर लेव्हल अॅनालिसिस’ करणाऱ्या साइटवर फोटो चढवतात. फोटोफोरेन्सिक्स ही त्यातली माहीत असलेली. तिचं तत्त्व सोपं आहे: जेपीजी फोटो पुन्हा एकदा साठवला की प्रत्येक भाग थोडा बदलतो. नंतर चिकटवलेला भाग वेगळ्या प्रमाणात बदलतो आणि तो उजळ दिसतो. पण जाहिरातीतला फोटो साइटने, त्याआधी व्हॉट्सअॅपने आणि त्याआधी एडिटरने दाबलेला असतो. तीनदा दाबल्यावर सगळे भाग सारखेच झिजतात आणि निकाल काळा सपाट येतो. उलट ठळक कडा, अक्षरं आणि लाल रंग यांच्या जागी काही न करताही उजळ दिसतं, आणि लोक त्यालाच ‘फेरफार’ म्हणून गोल करतात. जाहिरातींच्या फोटोंसाठी आमचा तरी या साधनावर भरवसा नाही. सावली, कड आणि ऋतू यांनी इथे जास्त सांगितलं.

मेटाडेटाकडे, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेल्या तारीख, वेळ, कॅमेरा अशा माहितीकडे आत्तापर्यंत पाहिलंच नाही, ते मुद्दाम. जाहिरातीतल्या फोटोत तो जवळजवळ कधीच नसतो. साइट फोटो चढवताना त्याचा आकार बदलतात आणि त्यात कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी तेच. म्हणून ‘मेटाडेटा नाही’ याचा अर्थ काहीच नाही, संशयही नाही. मेटाडेटा हवा असेल तर मूळ फाइल मागावी लागते. मागताना शब्द नेमके वापरावेत: ‘बाल्कनीचा आत्ता एक फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.’ अँड्रॉइडवर कागदाच्या क्लिपच्या खुणेवर गेलं की `Document` मध्ये तो पर्याय असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते. आलेल्या फाइलचं नावच `IMG-20250130-WA0007.jpg` असं असेल तर ती पाठवणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून आलेली नाही, त्याच्याकडे ती व्हॉट्सअॅपमधूनच आलेली आहे.

जाहिरातदाराने काही मिनिटांत फाइल पाठवली आणि ‘आत्ताच वॉचमनने काढली’ असंही लिहिलं. नाव कॅमेऱ्याने देतात तसं, आकार पूर्ण. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे अशा वाचनासाठी सगळ्यात भरवशाचं साधन. मोबाइलवर गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला तरी निम्मी माहिती दिसते, पण आपल्याला हवी ती ओळ तिथे नसते.

```
exiftool -a -G1 -s balcony.jpg
```

लांबलचक यादीतल्या कामाच्या ओळी या:

```
[ExifIFD]   ExposureTime        : 1/50
[ExifIFD]   FNumber             : 1.8
[ExifIFD]   ISO                 : 125
[ExifIFD]   DateTimeOriginal    : 2025:02:11 12:08:41
[ExifIFD]   OffsetTimeOriginal  : +05:30
[Composite] LightValue          : 7.0
```

तारीख त्याच दिवसाची, वेळ दुपारची 12 वाजून 8 मिनिटं, भारतीय वेळेचा फरक बरोबर. `Software` च्या रकान्यात एडिटरचं नाव नाही, मोबाइलची स्वतःची आवृत्ती आहे. जागेचे अक्षांश-रेखांश नाहीत, पण ते बहुतेकांनी बंदच ठेवलेले असतात. (असते तर एक गोष्ट लक्षात ठेवायची: जीपीएसची वेळ नेहमी जागतिक वेळेत लिहिली जाते, म्हणून ती साडेपाच तास मागे असणं बरोबर आहे. तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये.) थोडक्यात, फाइलमध्ये कुणीही काहीही बदललेलं नव्हतं. आणि फोटोत तीच बाल्कनी, तीच हिरवी टेकडी, टळटळीत ऊन.

घोळ शेवटच्या ओळीत आहे. `LightValue` कॅमेरा लिहीत नाही. भिंगाचं छिद्र, शटर उघडं राहण्याची वेळ आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, या तीन आकड्यांवरून दृश्य किती उजेडाचं होतं याचा हिशेब एक्झिफटूल स्वतः मांडतं. भर उन्हातल्या दृश्याला हा आकडा 14 ते 15 येतो, उघड्यावरच्या सावलीला 11-12, रात्री दिवे लावलेल्या खोलीला 5 ते 7. दर एका आकड्याला उजेड दुप्पट होतो, म्हणजे 7 आणि 14 मध्ये 128 पट फरक आहे. दुपारी बाराच्या उन्हात उघडी टेकडी टिपणारा मोबाइल सेकंदाचा पन्नासावा भाग आयएसओ 125 वर शटर उघडा ठेवणार नाही. सगळा फोटो पांढरा होईल. एवढा कमी उजेड खोलीतल्या वस्तूवर असतो, किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर. वॉचमनने बाल्कनी टिपलीच नव्हती. कुणीतरी जाहिरातीतला फोटो लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर उघडून त्याचा मोबाइलने फोटो काढला होता.

1/50 हा आकडाही बोलका आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. दिव्यांच्या लुकलुकीने पट्टे येऊ नयेत म्हणून खोलीत मोबाइल बहुधा 1/50 किंवा 1/100 निवडतो. उन्हात त्याला तशी गरज नसते आणि तिथे आकडा हजाराच्या घरात जातो. मग फोटो पूर्ण आकारात उघडून सपाट भाग बघितले. आकाशात फिकट लहरींची जाळी होती, पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर पडले की उमटते तशी. फोटो लहान करून बघितला असता तर ती दिसली नसती.

मेटाडेटाबद्दल जे नेहमी सांगितलं जातं ते इथे अपुरं पडतं. तो बदलता येतो, एका ओळीच्या आज्ञेने कुणालाही तारीख बदलता येते, हे खरंच. पण इथे बदलायची गरजच पडली नाही. मेटाडेटा शंभर टक्के खरा होता, फक्त तो टेकडीचा नव्हता, लॅपटॉपचा होता. म्हणून मेटाडेटातलं बरोबर जुळलेलं काही फारसं सिद्ध करत नाही. त्याची विसंगती मात्र खूप काही सांगते, आणि ती शोधायची ती दोन रकान्यांत नव्हे, रकाना आणि चित्र यांच्यात. `LightValue` चीही मर्यादा आहे. रात्रीच्या किंवा एचडीआर पद्धतीच्या फोटोत मोबाइल अनेक चौकटी एकत्र करतो आणि आकडा एखाद-दोन घरांनी हलतो. सात घरांनी हलत नाही. खोलीच्या आतल्या फोटोला ही कसोटी लावून उपयोग नाही, कारण तिथे खरा उजेड आणि पडद्याचा उजेड जवळपास सारखाच निघतो.

खोलीच्या आतल्या फोटोसाठी मग वेगळी मागणी करावी लागते: आधी कुणी काढलाच नसेल असा कोन. हातात आजचं वर्तमानपत्र धरून काढलेला फोटो मागू नये, कारण पेपर चिकटवणं हे पहिल्या दिवसाचं काम. त्याऐवजी ‘स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हॉलची खिडकी आणि मुख्य दाराचं सेफ्टी डोअर एका फोटोत येऊ द्या’ किंवा ‘ड्राय बाल्कनीतला नळ चालू करून दोन सेकंदांचा व्हिडिओ’. खऱ्या मालकाला याला एक मिनिट लागतं, किंवा तो त्रासून ‘या आणि बघा’ म्हणतो. तेही उत्तर चालतं. या जाहिरातदाराला हीच मागणी केली तेव्हा वॉचमन जेवायला गेलेला होता आणि तो परत आलाच नाही.

जाहिरातीची तक्रार करण्याआधी पानाचा पत्ता, सहाही फोटोंच्या उतरवलेल्या प्रती, ठाण्याच्या पानाचा पत्ता आणि डॉक्युमेंट म्हणून आलेली फाइल एका फोल्डरमध्ये ठेवावी. ती फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नये, आतली माहिती बदलते. वेबॅक मशीनवर `Save Page` करून पानाची प्रत ठेवली तर जाहिरात काढल्यावरही ती उरते. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन आणि मग cybercrime.gov.in वर तक्रार. फोल्डर तिथे उपयोगी पडतं.

सहापैकी पाच फोटोंचा हिशेब लागला. स्वयंपाकघराचा उभा फोटो कुठेच सापडला नाही: सुलटा, उलटा, तुकड्यांत, चारही शोधयंत्रांत. ओट्यावर स्टीलचा डबा, मागे पांढऱ्या टाइल्स, खिडकीतून दिसणारं शेजारच्या इमारतीचं प्लास्टर. ते कुणाचं तरी खरं स्वयंपाकघर असणार, कोथरूडमधलं की आणखी कुठलं, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही.